बॉन्डचं रेटिंग घसरलं की कंपनीला कर्ज महाग का पडतं? नवख्यांसाठी एकेक पायरी

जुलै २०२४ मध्ये सेबीने खासगी विक्रीच्या बॉन्डची दर्शनी किंमत एक लाखावरून दहा हजारांपर्यंत आणायला परवानगी दिली आणि तेव्हापासून पुण्यात माझ्या ओळखीतले बरेच जण, त्यात रिटायर झालेले बँकवालेपण आले आणि हिंजवडीतली आयटीची पोरंपण, मोबाईलवरून बॉन्ड घ्यायला लागलेत. आणि रेटिंग कमी झाल्याची बातमी आली की प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो. आमच्या सोसायटीतल्या काकांनी तो जसा विचारला तसाच लिहितो: "अरे, रेटिंग खाली गेलं म्हणजे कंपनीचं व्याज वाढतं म्हणतात ना, मग माझ्या खात्यात तर नऊ टक्क्यांनीच पैसे आले, वाढलेलं व्याज गेलं कुठे?"

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि याचं उत्तर नीट कळलं ना तर रेटिंगचा अर्ध्याहून जास्त विषय कळला असं समजा. म्हणून हा लेख त्याच एका धाग्याने नेतो, रेटिंग घसरल्यावर वाढलेला खर्च नक्की कुठे, कधी आणि किती वाढतो. आकडेमोड थोडी आहे पण सहावी-सातवीच्या टक्केवारीच्या पुढे काही नाही.

पायरी १: कूपन आणि यील्ड वेगळे काढा

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे बॉन्ड काढले, मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के, बीएसईवर नोंदणी झाली. रेटिंग होतं डबल ए प्लस, केअर आणि इंडिया रेटिंग्ज या दोन एजन्सींचं. म्हणजे पालिका वर्षाला साधारण १५ कोटी १८ लाख रुपये व्याज देणार. त्या सुमारास केंद्र सरकारचे दहा वर्षांचे रोखे साधारण साडेसहा टक्क्यांच्या आसपास होते. हा जो वरचा एक टक्का आणि थोडं, तो पालिकेने सरकारपेक्षा जास्त दिला, बाजारात याला स्प्रेड म्हणतात आणि आपला सगळा खेळ या स्प्रेडचाच आहे.

आता ७.५९ हे झालं कूपन. ते कागदावर छापलेलं असतं आणि (एक अपवाद सोडून, तो पुढे येतोय) मुदत संपेपर्यंत बदलत नाही. यील्ड म्हणजे आज बाजारात त्या बॉन्डला जी किंमत आहे त्या किमतीला घेतला तर मुदतीपर्यंत धरून वर्षाला किती टक्के पडतात ते. यील्ड रोज बदलतं. कूपन कंपनीने ठरवलेलं असतं आणि यील्ड खरेदी करणारा ठरवतो, एवढं पक्कं डोक्यात बसवा कारण ॲपवर बहुतेक वेळा दोन्ही आकडे शेजारीशेजारी असतात आणि लोक मोठा आकडा बघून बटण दाबतात.

पायरी २: रेटिंग म्हणजे काय आणि काय नाही

भारतात क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज, ॲक्युटे वगैरे एजन्सी आहेत, सगळ्या सेबीकडे नोंदणी केलेल्या. सगळ्यात जुनी क्रिसिल, १९८७ ची. लांब मुदतीच्या कर्जाची शिडी अशी: ट्रिपल ए, डबल ए, सिंगल ए, ट्रिपल बी, डबल बी, सिंगल बी, सी आणि शेवटी डी, डी म्हणजे हप्ता चुकलेला. ट्रिपल ए ला प्लस-मायनस नसतं पण डबल ए पासून सी पर्यंत प्रत्येकाच्या आगेमागे प्लस-मायनस असतं, म्हणजे डबल ए प्लस, डबल ए, डबल ए मायनस अशा तीन पायऱ्या, यातल्या एकेका पायरीला नॉच म्हणतात. ट्रिपल बी मायनसपर्यंत गुंतवणुकीच्या लायक समजतात, त्याखाली सट्ट्याचा भाग सुरू.

रेटिंग एवढंच सांगतं की व्याज आणि मुद्दल वेळेवर यायची शक्यता इतरांच्या तुलनेत किती आहे. बॉन्ड स्वस्त आहे का महाग, शेअर वर जाईल का, हे ते सांगत नाही. आणखी एक, रेटिंग कंपनीला एक मिळतं असं नसतं तर त्या त्या कर्जाला मिळतं, त्यामुळे एकाच बँकेच्या साध्या बॉन्डला डबल ए आणि तिच्याच टियर वन प्रकारच्या बॉन्डना, म्हणजे बँक अडचणीत आली तर ज्यांचे पैसे बुडू शकतात अशांना, त्याहून खालचं असं सर्रास दिसतं. प्रत्येक बॉन्डला स्वतःचा एक ओळख नंबर असतो, त्याला आयएसआयएन म्हणतात, आपण जो आयएसआयएन घेतोय त्याचंच रेटिंग बघायचं.

आणि हो, एजन्सीची फी बॉन्ड काढणारी कंपनीच देते. यावर बरीच टीका झालीय आणि ती योग्यच आहे असं माझं मत, पण म्हणून रेटिंग टाकाऊ होत नाही, ते कसं वाचायचं हे शिकावं लागतं.

पायरी ३: जास्तीचं व्याज कशाची किंमत आहे ते समजून घ्या

समजा एकसारख्या १०० कंपन्यांना तुम्ही प्रत्येकी १०० रुपये वर्षभरासाठी दिले, एकूण दहा हजार. त्यातली एक बुडाली आणि वसुलीत १०० पैकी ३० परत आले. तुमचं नुकसान ७० रुपये, म्हणजे दहा हजारांवर ०.७ टक्के. तर सरकारी रोख्यापेक्षा ०.७ टक्के जास्त मागितलेत तर तुम्ही जेमतेम बरोबरीला येता. आता तुम्हाला कळलं की या गटात एक नाही दोन बुडतील, तर नुकसान १४० रुपये, १.४ टक्के. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण वाट हीच: रेटिंग खाली गेलं म्हणजे एजन्सी म्हणते या गटात बुडणारे जास्त, मग देणारा जास्त मागतो.

पण खऱ्या बाजारात स्प्रेड या हिशोबापेक्षा बराच जास्त असतो. कारण एक तर नुकसान समान वाटलेलं नसतं, शंभर कंपन्यांना कोणी देत नाही, तुमच्याकडे असतात पाच, आणि त्यातली एक गेली तर पाचवा हिस्सा अडकला, त्या धास्तीचीपण किंमत लावली जाते. दुसरं म्हणजे विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळेल का हा प्रश्न, खालच्या रेटिंगच्या बॉन्डला तो फार मोठा असतो. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेंपलटन या म्युच्युअल फंड कंपनीने भारतातल्या सहा डेट योजना, म्हणजे बॉन्डमध्ये पैसे लावणाऱ्या योजना, बंद करायचं जाहीर केलं तेव्हा मुख्य अडचण हीच होती, योजनांत डबल ए आणि सिंगल ए चे कागद म्हणजे बॉन्ड भरपूर, कोविडच्या घबराटीत पैसे काढणाऱ्यांची रांग आणि ते कागद घ्यायला बाजारात कोणी नाही. पुढे त्यातून बहुतेक पैसे परत मिळालेपण, म्हणजे सगळे कागद वाईट नव्हतेच, पण त्या आठवड्यात ते विकले जात नव्हते. न विकला जाणारा कागद घ्यायला माणूस जास्त टक्के मागणारच ना.

पायरी ४: एक बॉन्ड हातात घेऊन हिशोब करा

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. तिने १०० कोटींचे बॉन्ड काढलेत, दर्शनी किंमत दहा हजार, कूपन ९ टक्के, व्याज वर्षातून एकदा, मुदत संपायला अजून ३ वर्षं, रेटिंग डबल ए. तिचं एक मोठं गिऱ्हाईक गेलं, ऑर्डरी कमी झाल्या आणि एजन्सीने रेटिंग दोन नॉच खाली आणलं, डबल ए वरून डबल ए मायनस ओलांडून थेट सिंगल ए प्लसवर. बाजार आता अशा कागदावर ९ नाही १०.२५ टक्के मागतोय असं धरू.

जुना बॉन्ड तर वर्षाला ९०० रुपयेच देणार. मग नव्या खरेदीदाराला १०.२५ टक्के मिळणार कसे? बॉन्ड स्वस्त घेऊन. किती स्वस्त ते एक्सेलमध्ये एका ओळीत निघतं:

```
=PV(10.25%,3,-900,-10000)
```

उत्तर येतं साधारण ९,६९० रुपये. म्हणजे दहा हजारांच्या कागदावर ३१० रुपयांचा फटका आणि तो बसला कोणाला, तर आज ज्याच्या हातात बॉन्ड आहे त्याला. काकांचं उत्तर इथेच आहे. जुन्या बॉन्डचं वाढलेलं व्याज त्यांना मिळालं नाही कारण कंपनीने ते दिलंच नाही, उलट त्यांच्याच कागदाची किंमत कमी होऊन ते पुढच्या खरेदीदाराला मिळालं. तीन वर्षं न विकता धरून ठेवला आणि कंपनीने सगळं वेळेवर दिलं तर त्यांना दहा हजार पूर्ण मिळतील, पण तोपर्यंत ते सिंगल ए प्लसची जोखीम डबल ए च्या दरात उचलतायत.

मुदत जितकी लांब तितका हा फटका मोठा. तीनऐवजी दहा टाकून बघा सूत्रात, आपोआप कळेल.

पायरी ५: कंपनीला खर्च कुठून लागतो ते शोधा

मग कंपनीचं काय बिघडलं, जुनं कूपन तर तेच आहे? इथे तीन वाटा आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी लागू होतात.

सगळ्यात मोठी वाट म्हणजे नवं कर्ज. कंपन्या मुद्दल फेडतात ते बहुतेक वेळा स्वतःच्या नफ्यातून नाही, नवे बॉन्ड काढून जुने फेडतात, त्याला रोलओव्हर किंवा रिफायनान्स म्हणतात. आपल्या चाकणच्या कंपनीचे १०० कोटी तीन वर्षांनी फेडायचेत, तेव्हाही रेटिंग सिंगल ए प्लसच राहिलं आणि बाजार तसाच असला तर नवे बॉन्ड १०.२५ नेच काढावे लागतील कारण बाजारात तिचाच जुना कागद १०.२५ ला मिळत असताना ९ ने नवा कोण घेणार. वर्षाचं व्याज ९ कोटींवरून १० कोटी २५ लाख, म्हणजे सव्वा कोटी जादा, तीन वर्षांत पावणेचार कोटी. म्हणून रेटिंग घसरल्याची बातमी वाचली की मी पहिला प्रश्न विचारतो तो असा की हिचं पुढच्या बारा महिन्यांत किती कर्ज फेडीला येतंय. ज्या कंपनीचे सगळे बॉन्ड २०३१ ला संपतात तिला आत्ता घसरणीचा व्याजात फारसा चटका नाही. जिचे निम्मे पुढच्या दिवाळीपर्यंत संपतात तिला लगेच आहे.

दुसरी वाट, मघाशी म्हटलेला तो अपवाद: स्टेप-अप कलम. बऱ्याच खासगी विक्रीच्या बॉन्डच्या टर्मशीटमध्ये, म्हणजे अटींच्या कागदात, लिहिलेलं असतं की रेटिंग एकेक नॉच घसरलं की कूपन ठरावीक टक्क्यांनी वाढेल, समजा नॉचला ०.२५ टक्के, बाजारात याला २५ बेसिस पॉइंट म्हणतात. आपल्या कंपनीच्या कागदात हे कलम असतं तर दोन नॉचला ०.५० टक्के, कूपन साडेनऊ, आणि १०० कोटींवर ५० लाख रुपये दरवर्षी जादा, तेही तीन वर्षांनी नाही, कलमात लिहिलेल्या तारखेपासून. धारकाला काय फायदा? सूत्रात ९०० च्या जागी ९५० टाकलं की किंमत येते ९,८१४, म्हणजे फटका ३१० वरून १८६ वर आला. कलमाने नुकसान पुसलं नाही, कमी केलं. आणि काकांच्या बॉन्डमध्ये हे कलम असतं तर त्यांच्या खात्यात खरंच जास्त व्याज आलं असतं. म्हणून बॉन्ड घेताना माहितीपत्रकात स्टेप-अप शोधायचंच.

तिसरी वाट बँकेची. कंपन्यांची बँक कर्जं सहसा बदलत्या दराची, बँकेचा एमसीएलआर, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेला किमान दर, किंवा दुसरा कुठला मानक दर आणि त्यावर स्प्रेड, आणि कर्जदाराची पत बदलली की बँक तो स्प्रेड बदलू शकते. शिवाय बँकेला स्वतःचं भांडवल अडकवावं लागतं. बँकांनी किती भांडवल ठेवायचं याचे नियम म्हणजे बासेल ३, त्याच्या रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात कंपनीच्या कर्जाला जोखीमभार, म्हणजे भांडवलाच्या हिशोबात कर्जाचा किती भाग धरायचा तो, असा राहिलाय: ट्रिपल ए ला २० टक्के, डबल ए ला ३०, सिंगल ए ला ५०, ट्रिपल बी ला १०० आणि डबल बी किंवा खाली १५०. आपली कंपनी डबल ए च्या गटातून सिंगल ए च्या गटात गेली म्हणजे १०० कोटींच्या कर्जाचा भार ३० कोटींवरून ५० कोटी झाला. त्यावर साडेअकरा टक्के भांडवल धरलं तर पूर्वी ३ कोटी ४५ लाख पुरत होते, आता ५ कोटी ७५ लाख लागतात. तेच कर्ज, तीच कंपनी, पण बँकेचा जास्त पैसा अडकला, मग तो खर्च बँक कर्जदाराकडूनच काढणार.

पायरी ६: कुठली पायरी ओलांडली ते बघा, किती पायऱ्या ते नंतर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नवखे लोक नेमका हाच सोडून देतात. सगळ्या नॉच सारख्या नसतात, कारण मोठ्या खरेदीदारांच्या नियमांत रेषा आखलेल्या असतात आणि घसरण रेषेच्या आत झाली का रेषा ओलांडून झाली यावर सगळं ठरतं.

बघा, वरच्या बँकेच्या तक्त्यात डबल ए प्लस, डबल ए आणि डबल ए मायनस तिघांनाही तोच ३० टक्के भार. म्हणजे डबल ए प्लसवरून डबल ए झालं तर बँकेच्या भांडवलात एक रुपयाचा फरक नाही. पण म्युच्युअल फंडांकडे बघा, सेबीच्या नियमाने कॉर्पोरेट बॉन्ड फंडाला किमान ८० टक्के पैसे डबल ए प्लस आणि वरच्या कागदात ठेवावे लागतात, तर क्रेडिट रिस्क फंडाला किमान ६५ टक्के डबल ए आणि खालच्या कागदात. म्हणजे नेमकी ही एकच नॉच, डबल ए प्लस ते डबल ए, कागदाला एका गिऱ्हाइकाच्या दारातून उचलून दुसऱ्या दारात नेऊन ठेवते, आणि क्रेडिट रिस्क फंडांकडे पैसा त्या मानाने खूप कमी असतो, त्यात २०२० नंतर तर आणखी आटला. विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या गुंतवणुकीच्या नियमांत डबल ए ची रेषा महत्त्वाची असते, तिच्याखाली गेलं की हे मोठे, शांतपणे मुदतीपर्यंत धरून ठेवणारे खरेदीदार कमी होतात. आणि मग ट्रिपल बी मायनसची रेषा, तिच्याखाली तर फार थोडे उरतात.

खरेदीदार कमी झाले की उरलेल्यांना भाव पाडून मागता येतं, बुडण्याची शक्यता तेवढीच असली तरी. म्हणून आपल्या चाकणच्या कंपनीची दोन नॉचची घसरण फार वाईट जागी झाली, डबल ए ची रेषापण गेली आणि बँकेचा गटपण बदलला. तीच कंपनी सिंगल ए प्लसवरून सिंगल ए मायनसवर आली असती तर तीपण दोन नॉचच, पण भाराचा गट तोच राहिला असता.

पायरी ७: घसरणीमुळेच पुढची घसरण येते का हे तपासा

कंपनीचा व्याज आणि कर भरण्याआधीचा नफा वर्षाला २० कोटी होता धरू. व्याज ९ कोटी, म्हणजे नफा व्याजाच्या २.२२ पट, याला इंटरेस्ट कव्हरेज म्हणतात आणि एजन्सी हा आकडा फार बारकाईने बघतात. गिऱ्हाईक गेल्याने नफा १६ कोटींवर आला, कव्हरेज १.७८, म्हणून रेटिंग घसरलं. आता जुने बॉन्ड संपून नवे १०.२५ ने काढले की व्याज १०.२५ कोटी, आणि नफा तसाच १६ कोटी राहिला तरी कव्हरेज १.५६. धंदा आणखी बिघडला नाही, एक ऑर्डर कमी झाली नाही, तरी आकडा खाली आला कारण व्याज वाढलं. आणि हा नवा आकडा बघून एजन्सी परत खाली आणू शकते. हे चक्र प्रत्येक वेळी फिरतंच असं नाही, रोकड हाताशी असलेली कंपनी नवं कर्ज न काढता जुनं फेडून मोकळी होते. पण जिची फेड जवळ आणि रोकड कमी, तिच्याबाबत रेटिंगची घसरण ही नुसती बातमी राहत नाही, अडचणीचं कारणच बनते.

पायरी ८: रेटिंगची नोट उघडून नेमकं काय वाचायचं

ॲपवर दिसणाऱ्या अक्षरांवर थांबू नका. एजन्सीच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकलं की नोट फुकट मिळते, चार-सहा पानांची असते. आयएसआयएनवरून बॉन्डची माहिती एनएसडीएलच्या इंडिया बॉन्ड इन्फोवरपण दिसते.

आधी तारीख बघा, मग आउटलुक, म्हणजे स्टेबल, पॉझिटिव्ह का निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हणजे अजून घसरलं नाही पण कल तिकडे आहे. रेटिंग वॉच लिहिलं असेल तर काहीतरी घटना चालू आहे, विलीनीकरण वगैरे, आणि निर्णय लवकर येईल. "इश्युअर नॉट कोऑपरेटिंग" असा शिक्का दिसला तर कंपनी एजन्सीला माहितीच देत नाहीये, मी तिथेच थांबतो, पुढचं वाचत नाही. आणि रेटिंगच्या पुढे कंसात सी ई दिसलं तर ते रेटिंग दुसऱ्या कोणाच्या तरी हमीवर उभं आहे, मग हमी देणाऱ्याचं रेटिंग घसरलं की हे पण घसरणार, तुमची कंपनी कितीही चांगली चालली असली तरी.

मग नोटमध्ये रेटिंग सेन्सिटिव्हिटी नावाचा भाग शोधा. त्यात एजन्सी स्वतःच लिहून ठेवते की काय झालं तर रेटिंग खाली येईल, उदाहरणार्थ कव्हरेज अमुक पटीच्या खाली गेलं तर. हा आकडा घ्या आणि कंपनीच्या ताज्या तिमाही निकालातून स्वतः कव्हरेज काढा, नफा भागिले व्याज. रेषा १.७५ ला आहे आणि कंपनी १.७८ ला उभी आहे तर घसरण जवळ आली, ३ ला असेल तर निवांत. बातमी यायच्या आधी तुम्हाला कळतं, आणि यासाठी फक्त दोन कागद लागतात. त्याच्याच आसपास लिक्विडिटीचा परिच्छेद असतो, स्ट्राँग, ॲडिक्वेट, स्ट्रेच्ड असे शब्द वापरतात. स्ट्रेच्ड दिसलं आणि फेड वर्षाच्या आत असेल तर मी तो बॉन्ड घेत नाही, यील्ड कितीही गोड दिसू दे.

पायरी ९: बाजार रेटिंगच्या पुढे धावतोय का ते बघा

एजन्सी बऱ्याचदा उशिरा जागी होते. रस्ते-पुलांसारख्या कामांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसचं रेटिंग ऑगस्ट २०१८ पर्यंत ट्रिपल ए होतं आणि सप्टेंबर संपायच्या आत डी झालं. घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएलचं तर आणखी शिकण्यासारखं: सप्टेंबर २०१८ मध्ये तिचं रेटिंग सर्वोच्च पायरीवर असताना एका फंडाने तिचे कमी मुदतीचे कागद साधारण ११ टक्के यील्डने विकले अशी बातमी आली, त्या दिवशी शेअर चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. रेटिंग पहिल्यांदा घसरलं फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि जूनमध्ये हप्ता चुकून डी. म्हणजे तिला कर्ज महाग झालं ते रेटिंग घसरायच्या काही महिने आधीच.

यातून करायचं काम सोपं आहे. ज्या बॉन्डचा विचार करताय त्याचं यील्ड त्याच रेटिंगच्या, साधारण त्याच मुदतीच्या तीन-चार बॉन्डशी लावून बघा. बाकी डबल ए वाले नऊच्या आसपास असताना एकच साडेदहाला मिळत असेल तर ती सूट नाहीये, बाजार त्याला आधीच सिंगल ए समजून भाव लावतोय. आणि हेच उलटंही होतं, बाजाराने सगळं आधीच पचवलेलं असेल तर रेटिंग घसरल्याच्या दिवशी किंमत फारशी हलतच नाही, आणि लोक गोंधळतात की एवढी वाईट बातमी आली तरी काही झालं कसं नाही.

पायरी १०: तुमच्या हातातल्या बॉन्डचं रेटिंग घसरलं तर

नोंदणी झालेल्या बॉन्डचं रेटिंग बदललं की कंपनीला एक्सचेंजला कळवावं लागतं, त्यामुळे बीएसई-एनएसईच्या घोषणांत ते मिळतं. ते वाचून लगेच विकायला धावू नका आणि दुर्लक्षपण करू नका. आधी माहितीपत्रक उघडून दोन गोष्टी शोधा, स्टेप-अप आणि पुट. पुट म्हणजे रेटिंग अमुक पायरीच्या खाली गेलं तर धारक पैसे परत मागू शकतो असं कलम. हे कलम असेल तर त्याला सूचना द्यायची मुदत असते, ती गेली की हक्क गेला, आणि काही कागदांत ठरावीक टक्के धारकांनी मिळून मागणी करावी लागते असं असतं. त्यासाठी बॉन्डचा डिबेंचर ट्रस्टी कोण हे बघा, नाव माहितीपत्रकाच्या पहिल्या काही पानांतच असतं, आणि त्यांना ईमेल करून विचारा की कलम लागू झालंय का, शेवटची तारीख कोणती, नवीन कूपन कधीपासून. ट्रस्टी धारकांसाठीच नेमलेला असतो, दहा हजारवाल्यानेही विचारायला संकोच करू नये.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. पुट कलम धारकाला सोयीचं वाटतं पण सगळ्यांनी एकदम वापरलं तर कंपनीला १०० कोटी तीन वर्षांनी नाही, तीन महिन्यांत उभे करावे लागतात, तेही रेटिंग नुकतंच घसरलेलं असताना. म्हणून कंपनीच्या इतर बॉन्डमध्ये आणि बँकेच्या करारांत अशी कलमं किती आहेत हे पण नोटमध्ये बघा, एजन्सी बहुतेकदा लिहिते. कलमं नसतील, फेड लांब असेल आणि लिक्विडिटी ॲडिक्वेट असेल तर वरचं एक्सेलचं सूत्र उघडा, आज बाजारात मिळणारी किंमत आणि मुदतीपर्यंत धरून मिळणारे पैसे समोरासमोर लिहा, आणि मग स्वतःला विचारा की आज हातात रोख असती तर हाच बॉन्ड या किमतीला या रेटिंगवर घेतला असता का. नाही असं उत्तर आलं तर मर्यादा लावून विक्रीची ऑर्डर टाका, बाजारभावाची नको, कारण खालच्या रेटिंगच्या बॉन्डला पडद्यावर दिसणारा भाव आणि खरा खरेदीदार देईल तो भाव यात दोन-तीन टक्क्यांचं अंतर सहज असू शकतं.